दुकानातून आलेले मित्र: एका गेमच्या आमंत्रण कोडचं प्रकरण

## पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बसून आम्ही तिघांनी हा गेम केला. गावाचं आणि गेमचं नाव देत नाही, आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत. विषय शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा. जोडी निवडायची, ती हाकणारा धुरकरी निवडायचा आणि कमीत कमी सेकंदात पट मारायचा. कॉइन मिळतात, त्यातून बैलांना झूल, घुंगरमाळ, बाशिंग घेता येतं. ज्याला घाई आहे तो कॉइन विकतही घेऊ शकतो. कमाईचा एक भाग तो, दुसरा जाहिरातींचा. कॉइन परत करून पैसे मिळत नाहीत, हे आधीपासून ठरलेलं होतं.

चित्रं आणि मांडणी आमच्यातल्या एका मैत्रिणीकडे, खेळाडूंशी बोलणं आणि तक्रारी एकाकडे, सर्व्हर माझ्याकडे, अशी वाटणी होती.

गेम पसरत होता तो पारावर आणि बसस्टँडवर. एकाने खेळताना दुसऱ्याने बघितलं की तो म्हणायचा, "मलेही टाकून दे." बरेचदा ते टाकून देणं प्ले स्टोअरवरून नसायचंच. डेटा वाचवायला शेजारी बसलेल्याच्या फोनवरून क्विक शेअरने गेमची एपीके फाइल घेतली जायची. पुढच्या सगळ्या निर्णयांवर या एका सवयीचा परिणाम झाला, म्हणून ती इथेच सांगून ठेवतो.

लोक एकमेकांना बोलावतच आहेत, तर बोलावणाऱ्याच्या हातात काहीतरी पडू द्या, असा विचार करून पोळ्याच्या आधी आम्ही आमंत्रण लिंक आणि कोड आणायचं ठरवलं.

## लिंक कशी बांधली

पूर्वी अशा कामाला फायरबेस डायनॅमिक लिंक्स वापरायचे. गुगलने ती सेवा २५ ऑगस्ट २०२५ रोजी बंद केली, त्यामुळे तो रस्ता नव्हताच. आम्ही आपल्याच डोमेनवर साधी लिंक ठेवली. फोनमध्ये गेम असेल तर अँड्रॉइडच्या अ‍ॅप लिंकमुळे ती थेट गेम उघडते. नसेल तर आमचं छोटं पान उघडतं आणि तिथून प्ले स्टोअरवर पाठवतं, कोड सोबत बांधून:

```
https://example.com/i/48271936
https://play.google.com/store/apps/details?id=com.example.pat&referrer=ref%3D48271936
```

गेम बसल्यावर पहिल्यांदा उघडला की तो प्ले स्टोअरला विचारतो, "हा कुठून आला?" यासाठी इन्स्टॉल रेफरर नावाची गुगलची लायब्ररी आहे. लिंकवरून आला असेल तर उत्तरात `ref=48271936` मिळतं. स्वतः शोधून आला असेल तर `utm_source=google-play&utm_medium=organic` असं काहीतरी येतं. ही माहिती इन्स्टॉलनंतर ९० दिवस मिळते. आम्ही ती एकदाच वाचून सर्व्हरला पाठवतो.

क्विक शेअरने आलेल्या गेममध्ये यातलं काहीच चालत नाही. प्ले स्टोअर वाटेत आलंच नाही, तर ते सांगणार काय? आयफोनवर तर रेफररची सोयच नाही. म्हणून हाताने टाकायचा कोड ठेवावाच लागला. कोडमध्ये इंग्रजी अक्षरं घ्यायची नाहीत यावर आमचं लगेच एकमत झालं. फोनवर कोड सांगताना बी, डी, पी, टी यांचा जो गोंधळ होतो तो सगळ्यांनी अनुभवलेला आहे. म्हणून नुसते आठ आकडे, चार-चार करून दाखवलेले: 4827 1936. शेवटचा आकडा लून पद्धतीने आधीच्या सात आकड्यांवरून काढलेला तपासणी आकडा आहे. एखादा आकडा चुकला तर गेम तिथल्या तिथे "कोड पुन्हा पहा" म्हणतो, सर्व्हरपर्यंत जावं लागत नाही. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा पकडले जातात. फक्त ० आणि ९ ची अदलाबदल लूनच्या हातून निसटते.

कोड अंदाजाने कुणी हुडकून काढेल का, ही भीती आमच्यातल्या एकाला होती. पण आमंत्रण कोड म्हणजे काही गिफ्ट कार्ड नव्हे. दुसऱ्याचा कोड अंदाजाने टाकला तर फायदा त्या दुसऱ्यालाच होतो. तरी एका खात्यावरून दिवसाला मोजकेच प्रयत्न करता येतील एवढी मर्यादा घातली आणि पुढे गेलो. लांबलचक, अवघड कोड करून काही साधलं नसतं. उलट खऱ्या माणसाला तो सांगणं जड गेलं असतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच कळलेली बरी: रेफररमधून आलेला कोड हाताने टाकलेल्या कोडपेक्षा जास्त विश्वासाचा नसतो. तो फोनमधला गेम वाचतो आणि सर्व्हरला सांगतो. गेममध्ये फेरफार करणारा तिथे हवा तो कोड सांगू शकतो. त्यामुळे दोन्ही वाटांनी आलेलं आमंत्रण एकाच चाळणीतून जाईल, असं ठेवलं.

## अडचण

पहिल्या आवृत्तीत बक्षीस सरळ होतं. नवा माणूस आला, कोड लागला की दोघांनाही २०० कॉइन, लगेच. सोनेरी झूल ५०० कॉइनची. म्हणजे तीन मित्र आणले की झूल घेऊन १०० कॉइन शिल्लक.

पोळ्याच्या आठवड्यात आमंत्रणं भरपूर आली. आकडे बघून छान वाटत होतं. मग मी एकेका आमंत्रितापुढे त्याने किती पट मारले ते मांडून बघितलं. बऱ्याच जणांपुढे शून्य होता.

यातले निम्मेअधिक एकाच युक्तीचे होते. आमच्याकडे लॉगिन सक्तीचं नाही. गेम उघडला की पाहुणा खातं आपोआप तयार होतं, आणि ते तसंच हवं, कारण पहिल्याच पडद्यावर लॉगिन मागितलं तर अर्धे लोक तिथूनच परत जातात. पण सेटिंगमध्ये जाऊन गेमचा डेटा पुसला की फोन पुन्हा नवा पाहुणा होतो. डेटा पुसा, कोड टाका, २०० कॉइन कोडवाल्याला. पुन्हा पुसा. शाळा सुटल्यावर दोन पोरं एका फोनवर बसली की संध्याकाळपर्यंत झूल तयार.

दुसरी युक्ती फोनमधल्या ड्युअल अ‍ॅपची. त्यात एकाच फोनवर गेमच्या दोन प्रती चालतात आणि दुसरी प्रत पहिलीला मित्र म्हणून बोलावते. तिसरा प्रकार खोटा म्हणता येत नाही, पण आम्हाला हवा तसाही नव्हता. कुणीतरी आपला कोड मोठमोठ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर टाकायचा आणि अनोळखी लोक तो नुसता २०० कॉइनसाठी वापरायचे.

लिंकवरचे क्लिकही आम्ही सुरुवातीला मोजत होतो. ते लवकरच सोडून दिलं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवताना तिचं पूर्वदृश्य तयार करायला आमचं पान उघडलं जातं, आणि प्रत्येक असं उघडणं क्लिक म्हणून मोजलं जातं. कुणी बोट न लावताही आकडा वाढतो.

## पर्याय आणि त्यांची पारख

पहिला पर्याय आयपी पत्त्याचा. एका पत्त्यावरून ठराविक संख्येपेक्षा जास्त आमंत्रणं आली की अडवायची. शहरातल्या ऑफिसात बसून हे सुचायला सोपं आहे. पण मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यामागे ठेवतात. आमच्याच नोंदींत वेगवेगळ्या तालुक्यांतले, एकमेकांशी काही संबंध नसलेले खेळाडू एकाच पत्त्यावर दिसत होते. हा नियम लावला असता तर पोरं खोटी की खरी हे न बघताच गावंच्या गावं अडली असती. पत्ता नोंदवायचा, पण त्यावर निर्णय घ्यायचा नाही, असं ठरलं.

दुसरा पर्याय फोन नंबर आणि ओटीपीचा. यात खोटं खातं करणं महाग पडतं हे खरं. पण एसएमएसचा खर्च आपल्या खिशातून, आणि खेळणाऱ्यांत शाळकरी पोरं भरपूर. नंबर बापाचा, फोन बापाचा, आणि ओटीपी बघायला बाप वावरात. शिवाय लहान मुलांचे नंबर गोळा करून ठेवायची आमची तयारी नव्हती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे आणि त्याचा डेटा हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. जी माहिती घेतलीच नाही ती सांभाळावीही लागत नाही. याच कारणाने फोनमधली संपर्कयादीही मागितली नाही. "मित्राला बोलवा" दाबलं की फोनचीच शेअरची पट्टी उघडते, कुणाला पाठवायचं ते खेळाडूने ठरवायचं.

तिसरा पर्याय फोनच ओळखायचा. अँड्रॉइड १० पासून साध्या अ‍ॅपला आयएमईआय मिळत नाही. मिळतो तो `ANDROID_ID` नावाचा क्रमांक. अँड्रॉइड ८ पासून तो प्रत्येक अ‍ॅपच्या स्वाक्षरीनुसार वेगळा असतो. गेमचा डेटा पुसला किंवा गेम काढून पुन्हा टाकला तरी बदलत नाही, फोन फॅक्टरी रीसेट केला तर बदलतो. ड्युअल अ‍ॅपची प्रत वेगळ्या वापरकर्त्याच्या जागेत चालत असेल तर तिला वेगळा क्रमांक मिळतो. म्हणजे पहिली युक्ती यात पूर्ण सापडते, दुसरी निसटते.

पण इथेच खरा पेच होता. आमच्याकडे घरात एकच चांगला फोन आणि खेळणारी भावंडं तीन, हे अपवादाचं चित्र नाही. थोरला स्वतःचं खातं करतो, मग धाकटीला तिची वेगळी जोडी हवी असते. एका फोनवर एकच खातं असा नियम केला तर खोट्यांबरोबर ही धाकटीही बाहेर. डिझाइन बघणारीचं म्हणणं होतं की खेळ कुणाचाच अडवू नका, अडवायचं असेल तर फक्त बक्षीस अडवा. हे पटलं.

चौथा पर्याय बक्षिसाची वेळ पुढे ढकलायचा. इन्स्टॉलवर बक्षीस देऊ नये, खेळल्यावर द्यावं. आमच्यातल्या तिसऱ्याला खरेदीची अट घालू या असंही सुचलं होतं, म्हणजे नव्या माणसाने काही खरेदी केली तरच बोलावणाऱ्याला बक्षीस. ते लगेच बाजूला पडलं. इथे हजारात एखादाच खरेदी करतो. मग आमंत्रणाचा मोबदला कुणालाच मिळाला नसता.

## काय केलं

नव्या माणसाला यायचे ५० कॉइन लगेच. एवढ्यात साधी घुंगरमाळ येते, त्यासाठी कुणी फोन पुसत बसणार नाही. बोलावणाऱ्याचं बक्षीस मात्र नव्या माणसाने तीन वेगवेगळ्या दिवशी खेळून एकूण १२ पट मारल्यावर.

तीन दिवसांची अट १२ पटांपेक्षा कामाची आहे. बारा पट अर्ध्या तासात होतात. पण खोटं खातं तीन दिवस जिवंत ठेवायचं तर डेटा पुसता येत नाही, आणि एका फोनवर एका वेळी एकच खोटा मित्र पोसता येतो. खोटेपणा अशक्य होत नाही, कंटाळवाणा होतो, आणि शाळकरी पोरांना तेवढं पुरतं.

दिवस सर्व्हरच्या घड्याळाने मोजायचा. फोनची तारीख पुढे ढकलायची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते, रोजच्या बक्षिसांमुळे ती आधीच शिकलेली असतात. पण यात गावाकडची एक अडचण निघाली. गेम नेटशिवायही चालतो आणि निकाल नंतर सर्व्हरला जातात. रेंज नसलेल्या वस्तीवरचा पोरगा तीन दिवस खेळतो, मग बाजाराच्या दिवशी तालुक्याला आल्यावर सगळे पट एकदम पोहोचतात. सर्व्हरच्या दृष्टीने तो एकच दिवस. यावर उपाय म्हणून त्या दिवशी एकदा, दोन सेकंदांपुरता का होईना, गेम सर्व्हरशी बोलला की दिवस धरायचा, पट नंतर आले तरी चालतील, असं ठेवलं. ज्यांना तेवढीही रेंज मिळत नाही त्यांचं बक्षीस उशिरा येतं. ती त्रुटी आम्ही जाणूनबुजून ठेवली आहे.

फोनबद्दलचा नियम असा: एका फोनवर कितीही खाती करा, प्रत्येकाला यायचे कॉइन मिळतील. पण त्या फोनपोटी बोलावणाऱ्याला बक्षीस आयुष्यात एकदाच. हा नियम कोडमध्ये लिहून न ठेवता थेट डेटाबेसवर सोपवला. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तो एवढाच होतो:

```sql
CREATE TABLE referral (
  invitee_id  BIGINT PRIMARY KEY,
  inviter_id  BIGINT NOT NULL,
  device_hash TEXT NOT NULL,
  state       TEXT NOT NULL DEFAULT 'pending',
  CHECK (invitee_id <> inviter_id)
);
CREATE UNIQUE INDEX one_paid_per_device
  ON referral (device_hash) WHERE state = 'paid';
```

`invitee_id` हीच प्राथमिक किल्ली असल्याने एका माणसाला दोघांनी बोलावलं असं होऊच शकत नाही. नेट अडखळलं आणि "कोड लावा" बटण तीनदा दाबलं गेलं तरी नोंद एकच राहते. `device_hash` म्हणजे `ANDROID_ID` चा सर्व्हरवरच्या गुप्त किल्लीने केलेला हॅश, मूळ क्रमांक आम्ही ठेवत नाही. कॉइन जमा करणं आणि `state` ला `paid` करणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये होतं. हे वेगळं ठेवलं तर मध्येच सर्व्हर पडल्यावर कॉइन दोनदा जातात किंवा जातच नाहीत. शिवाय बोलावणाऱ्याचं खातं बोलावलेल्यापेक्षा जुनं हवं, म्हणजे दोघांनी एकमेकांना बोलावून घेणं बंद.

ड्युअल अ‍ॅपवाला यातून एका फोनमागे दोनदा बक्षीस काढू शकतो. काढू दे म्हटलं. महिन्याला एका खात्याला फार तर दहा बक्षिसं ही मर्यादा वरून होतीच, आणि ती व्हॉट्सअ‍ॅप गटांवर कोड पेरणाऱ्यांनाही लागू पडली.

फोन आणि गेमची प्रत अस्सल आहे का ते सांगणारी गुगलची प्ले इंटेग्रिटी तपासणी आम्ही प्रत्येक वेळी करत नाही, बक्षीस द्यायच्या क्षणीच करतो. रोजच्या १०,००० विनंत्यांची ठरलेली मर्यादा त्यामुळे आम्हाला कधी नडली नाही. तिच्या उत्तरातले तीन भाग वेगवेगळे वाचावे लागतात, आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त वाद इथे झाला. `MEETS_DEVICE_INTEGRITY` नसेल तर एम्युलेटर किंवा छेडछाड केलेला फोन असू शकतो. `UNRECOGNIZED_VERSION` आलं तर गेमची प्रत आम्ही प्ले स्टोअरवर दिलेली नाही, कुणीतरी बदललेली आहे. पण `UNLICENSED` चा अर्थ एवढाच की या गुगल खात्याने गेम प्ले स्टोअरवरून घेतलेला नाही. क्विक शेअरने घेतलेल्या प्रत्येक प्रामाणिक पोराला हेच उत्तर येतं! तिन्ही हिरवे असतील तरच बक्षीस, हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. तो इथे लावला असता तर गेम ज्या वाटेने खरोखर पसरतोय तीच वाट आम्ही बंद केली असती. म्हणून `UNLICENSED` ला आम्ही काहीच शिक्षा ठेवली नाही. पहिल्या दोनपैकी काही बिघडलेलं असेल तर बक्षीस नाकारत नाही, `held` करतो आणि खेळाडूला दिसतं: "हे बक्षीस तपासणीसाठी थांबलंय. काही विचारायचं असेल तर इथे लिहा."

## दुकानाचं प्रकरण

नवे नियम लागल्यावर डेटा पुसणारे जवळपास संपले. मग एक खातं वर आलं ज्याच्या नावावर इतरांच्या कितीतरी पट आमंत्रणं होती. फोन सगळे वेगवेगळे, तपासणीत सगळे स्वच्छ. फक्त एक ठेवण दिसत होती. सगळी इन्स्टॉल सकाळी अकरा ते रात्री आठ यांच्यातली, सोमवारी एकही नाही, आणि बहुतेक जण दुसऱ्या दिवशी गेम उघडतच नव्हते.

सोमवारी सुट्टी असलेलं दुकान! आमच्यातला जो खेळाडूंशी बोलतो, त्याने गेममधूनच निरोप पाठवून नंबर मिळवला आणि फोन लावला. शेजारच्या तालुक्यात मोबाइल विक्री-दुरुस्तीचं दुकान. नवा फोन चालू करून देताना हा आपला कोड लावून गेम टाकून द्यायचा.

"मी तं गिऱ्हाइकाले विचारूनच टाकतो भाऊ," तो म्हणाला. "त्यात चूक काय झाली? तुमचाच गेम पसरते ना."

यावर तिघांची तीन मतं. एक म्हणे, खातं बंद करा. दुसरी म्हणे, हा आपला फुकटचा वितरक आहे, उलट याला जास्त द्या. माझं म्हणणं होतं की तीन दिवसांची अट असल्याने त्याला खऱ्या खेळणाऱ्यांपुरतंच मिळतंय, तर तसंच चालू द्यावं.

निर्णय घ्यायच्या आधी त्याच्या कॉइनचं पुढे काय होतं ते बघितलं, आणि चित्र बदललं. तो स्वतः खेळत नव्हता. फोन बदलताना खातं न्यायला आम्ही ट्रान्सफर कोड दिलेला आहे. त्याची खाती सोनेरी झुली घेऊन भरली की ट्रान्सफर कोडने दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर जात होती, आणि त्याच्याकडे नवं खातं, नवा कोड सुरू होत होता. महिन्याला दहाची मर्यादा खात्याला होती, माणसाला नव्हती. भरलेली खाती तो पोरांना विकत होता. विचारल्यावर त्याने ते नाकारलंही नाही.

खातं बंद करणं सोपं होतं, पण ते आता त्याच्याकडे नव्हतंच. ज्या पोराने पैसे देऊन घेतलं, शिक्षा त्याला बसली असती. ट्रान्सफर काढून टाकावं तर फोन फुटलेल्या प्रत्येकाचं खातं गेलं असतं. मग प्रश्न असा झाला की बोलावणाऱ्याला असं काय द्यावं, जे विकणाऱ्याच्या काही कामाचं नाही.

उत्तर डिझाइन बघणारीने काढलं: जोडीची झूल. कॉइन द्यायचेच नाहीत. बोलावलेल्या मित्राने अट पूर्ण केली की दोघांनाही एकसारखी झूल मिळते, आणि ती ते दोघे एकमेकांविरुद्ध पट मारताना तेवढी दिसते. इतर वेळी ती पेटीतच राहते. मित्र खरा असेल आणि तुम्ही एकत्र खेळत असाल तर तिचा रुबाब आहे. दुकानात भेटलेल्या गिऱ्हाइकाशी लागलेली झूल कुणी विकत घेत नाही, कारण ते गिऱ्हाईक पटावर येणारच नाही. खातं दुसऱ्याला गेलं तरी झूल जुन्या मालकाच्या मित्राशीच बांधलेली राहते.

आधी मिळालेले कॉइन कुणाचे काढून घेतले नाहीत. दुकानदाराला बदल आधी कळवला. थोडी कुरकुर केली, मग कोड लावणं त्याने आपणहून सोडलं.

## परिणाम

आमंत्रणांची संख्या पोळ्याच्या आठवड्याच्या मानाने चांगलीच खाली आली, आणि ती तशी येणारच होती. आम्ही आता बघतो ते वेगळं: बोलावलेला माणूस दुसऱ्या आठवड्यात खेळतोय का, आणि आपण होऊन आलेल्यांच्या तुलनेत जास्त टिकतो का. टिकतो. त्यातही ज्यांना बोलावणाऱ्याविरुद्ध पट मारायला मिळतो ते सगळ्यात जास्त.

खोटेपणा उरलाय की नाही हे ओळखायची एक सोपी खूण सापडली. अट पूर्ण केलेल्यांनी एकूण किती पट मारले याचा आलेख काढायचा. खरे खेळाडू पसरलेले दिसतात, कुणी १५, कुणी ४०. खोटे असतील तर बरोबर १२ वर खांब उभा राहतो, कारण अट संपली की त्यांचं काम संपतं. कॉइनच्या काळात तो खांब ठळक होता, झुलीनंतर बसका झाला. अट खेळाडूंपासून लपवून ठेवावी म्हणजे खांबच दिसणार नाही, असंही आमच्यात बोलणं झालं. पण अट लपवली की "माह्यं बक्षीस काहून नाही आलं" ही तक्रार प्रामाणिक माणसाकडूनच येते, आणि आपल्या हातातली खूणही जाते. अट पडद्यावर स्पष्ट लिहिलेली आहे: ३ पैकी किती दिवस झाले, १२ पैकी किती पट.

## वेगळं काय करता आलं असतं

बक्षीस इन्स्टॉलवर न देता खेळण्यावर द्यायचं, हे पहिल्याच दिवसापासून ठेवायला काही अडचण नव्हती. त्यासाठी लागणारी माहिती सर्व्हरकडे होतीच. पोळ्याच्या आठवड्यात वाटले गेलेले कॉइन पुढे कितीतरी दिवस खर्च होत राहिले आणि तेवढा काळ कॉइनची विक्री मंदावली होती.

महिन्याची मर्यादा खात्याला लावतानाच ट्रान्सफरचा विचार व्हायला हवा होता. आज करायचं झालं तर मर्यादा खात्यावर आणि बोलावणाऱ्याच्या `device_hash` वर, अशी दोन्हीकडे लावावी. दुकानदाराची नवी-नवी खाती एकाच फोनवर उघडत होती, ती तिथेच थांबली असती. अर्थात त्याने दुकानातलाच दुसरा फोन घेतला असता तर हेही पुरलं नसतं, म्हणून झुलीचा बदल टळला असता असं मला वाटत नाही.

भावंडांचा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही. एका फोनवर दोन खाती असली की ती एकमेकांविरुद्ध एका वेळी पट मारू शकत नाहीत, आणि जोडीची झूल तर तेव्हाच दिसते. थोरल्याने पट मारून वेळ नोंदवायची, मग फोन धाकटीने घेऊन ती वेळ मोडायची, अशी आळीपाळीची शर्यत सध्या आम्ही करून बघतोय. त्यात झूल दोघांनाही दिसेल. पण एकाच फोनवरचं आमंत्रण त्यात धरायचं की नाही, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.